अठरा ट्रॉलर की एकशे अठ्ठावन?

ट्रॉलरचे जाळे तळावरून ओढले जाते तेव्हा सगळी मासळी शेवटी एका खोळीत साठते. मत्स्य खात्याच्या कागदांत तिला कॉड-एंड म्हणतात. या खोळीचे आस परंपरेने शंकरपाळीसारखे तिरपे असतात. जाळे रिकामे असताना ते उघडे दिसतात, पण ओढीचा ताण आला आणि खोळ भरू लागली की ते मिटत जातात आणि बोटभर पिल्लालाही बाहेर पडायला वाट उरत नाही. हेच आस चौकोनी बसवले तर ताणाखालीही उघडे राहतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटर चौकोनी आसाच्या खोळीचा आग्रह धरला तो याच कारणाने. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने जो सागरी जैवविविधता प्रकल्प झाला, त्यातही या खोळीचा प्रसार करण्यात आला.

पिल्ले सुटतात हे कोणी नाकारत नाही. मालवणच्या बंदरावरचा प्रश्न दुसराच असतो: पिल्लांबरोबर विकाऊ माल किती सुटतो? माकूल, राणी मासा, कोळंबी यांतले काही जाळ्यातून निसटले, तर डिझेलचा आणि खलाश्यांचा खर्च कुठून निघायचा? हा प्रश्न चर्चेने सुटणारा नाही, तो मोजून सोडवावा लागतो. आणि मोजायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो किती बोटी लागतील याचा.

हा लेख त्या एकाच प्रश्नाविषयी आहे. खाली येणारे किलोचे आकडे मी हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत, ते कुठल्या सर्वेक्षणातले नव्हेत. हिशेबाची रीत मात्र तीच आहे, जी दोन औषधांची तुलना करताना वापरतात.

सरळ मार्ग असा: काही बोटींना जुनी खोळ द्यायची, काहींना नवी, पंधरा दिवस मासेमारी करू द्यायची आणि दोन गटांची सरासरी ताडून पाहायची. वाटणी चिठ्ठ्या टाकून केली तर यात तत्त्वतः काहीच चूक नाही. अडचण आहे ती बोटींच्या स्वभावाची. एकाचे इंजिन नवे आहे, दुसऱ्याचे दर महिन्याला उघडावे लागते. एका तांडेलाला कुठल्या वावावर काय मिळते ते बापापासून ठाऊक आहे, दुसरा अजून शिकतो आहे. खोळ कुठलीही लावा, काही बोटी कायम जास्त माल आणतात आणि काही कायम कमी.

समजा, ट्रॉलिंगच्या दर तासाला विकाऊ माल सरासरी २० किलो मिळतो. बोटीबोटींमधल्या कायमच्या फरकाचे प्रमाण विचलन ६ किलो आहे, म्हणजे काही बोटी नेहमीच १४ च्या आसपास घुटमळतात तर काही २६ पर्यंत जातात. याशिवाय प्रत्येक बोट स्वतःशीही एकसारखी नसते. त्याच तांडेलाची, त्याच जाळ्याची या पंधरवड्याची सरासरी आणि पुढच्या पंधरवड्याची सरासरी यांत फरक पडतोच. या चढउताराचे प्रमाण विचलन ३ किलो धरू.

प्रमाण विचलनांची बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते, आणि त्या वर्गाला संख्याशास्त्रात प्रचरण म्हणतात. बोटीबोटींमधले प्रचरण ३६, एकाच बोटीच्या आतले प्रचरण ९, एकूण ४५. या लेखातला सगळा खेळ या ३६ आणि ९ यांच्यात आहे.

आता पकडायचा फरक ठरवायला हवा. नवी खोळ तासाला अर्धा किलो कमी देत असेल तर कोणाचे फारसे बिघडणार नाही. ३ किलो, म्हणजे १५ टक्के, कमी देत असेल तर ती बातमी आहे. तेव्हा ३ किलोचा फरक खरोखर असेल तर तो आपल्या नजरेतून निसटू नये, असे ठरवू. सोबत दोन वचने द्यायची: फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत राहील आणि फरक असताना तो सापडण्याची शक्यता ८० टक्के असेल. पहिल्या वचनातून १.९६ हा आकडा येतो, दुसऱ्यातून ०.८४. त्यांच्या बेरजेचा वर्ग होतो सुमारे ७.८५. नमुना आकाराच्या जवळपास प्रत्येक सूत्रात हा आकडा दिसतो.

दोन वेगळ्या गटांची तुलना असेल तर एका गटात लागणाऱ्या बोटी अशा:

७.८५ × २ × ४५ ÷ (३ × ३) = ७८.५

म्हणजे गटाला ७९, दोन्ही मिळून १५८ ट्रॉलर. मालवण, देवगड, वेंगुर्ले असा सगळा किनारा पालथा घालून इतक्या मालकांना एकाच चाचणीत एकाच वेळी राजी करणे किती जमेल, हे बंदरावर उभे राहिलेल्या कोणालाही कळेल.

दुसरा मार्ग आलटपालटीचा. प्रत्येक बोट एक पंधरवडा जुन्या खोळीने मासेमारी करते आणि एक पंधरवडा नव्या खोळीने. कुठली आधी हे चिठ्ठी ठरवते: निम्म्या बोटी आधी जुनी मग नवी, उरलेल्या आधी नवी मग जुनी. यालाच दोन कालखंडांची क्रॉसओव्हर चाचणी म्हणतात. इथे आपण बोटीची बोटीशी तुलना करत नाही. प्रत्येक बोटीची तुलना तिच्याशीच करतो आणि त्या वजाबाक्यांची सरासरी काढतो.

वजाबाकीत काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. तांडेलाचे कसब जुन्या खोळीच्या पंधरवड्यातही होते आणि नव्या खोळीच्या पंधरवड्यातही. इंजिनाची ताकदही तशीच. एक आकडा दुसऱ्यातून वजा केला की हे सगळे गळून पडते, आणि ते ३६ हिशेबातून पूर्ण निघून जाते. उरते ते फक्त बोटीच्या आतले प्रचरण, तेही दोन पंधरवड्यांचे, म्हणून दोनदा: ९ अधिक ९, म्हणजे १८. आता एकूण लागणाऱ्या बोटी:

७.८५ × १८ ÷ (३ × ३) = १५.७

म्हणजे १६. बोटी इतक्या कमी असल्या की १.९६ हा आकडा थोडा उदार ठरतो, कारण प्रचरणही त्याच मूठभर बोटींवरून अंदाजावे लागते. ती दुरुस्ती केली की संख्या १८ वर जाते, प्रत्येक क्रमाला नऊ. १५८ ऐवजी १८.

‘प्रत्येक बोट दोनदा वापरली म्हणून निम्म्या लागल्या’ असे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येते. ते अपुरे आहे. निम्मे झाले असते तर ७९ बोटी लागल्या असत्या. दुरुस्तीपूर्वीचे आकडे घेतले तर १५७ चे १५.७ झाले आहेत, म्हणजे दहा पट घट, आणि ती दोन वेगळ्या कारणांनी आली आहे. प्रत्येक बोट दोन्ही गटांचे काम करते, त्यातून दुप्पट बचत. उरलेली पाचपट बचत येते ती एकूण ४५ पैकी ३६ भाग वजाबाकीत नाहीसा झाला म्हणून. ३६ भागिले ४५ म्हणजे ०.८, हा त्याच बोटीच्या दोन पंधरवड्यांमधला सहसंबंध. सहसंबंधाला ρ म्हटले तर नियम असा होतो: क्रॉसओव्हरला लागणारी संख्या ही दोन गटांच्या एकूण संख्येला (१ − ρ) ÷ २ ने गुणून मिळते. ०.८ टाकून पाहा, दहावा हिस्सा येतो.

हीच गोष्ट उलटी करून पाहिली की मुद्दा अधिक ठसतो. समजा बोटी एकमेकींसारख्याच आहेत, पण समुद्र लहरी आहे: बोटीबोटींमधले प्रचरण ९ आणि बोटीच्या आतले ३६. एकूण पुन्हा ४५, म्हणून दोन गटांच्या चाचणीला पूर्वीइतक्याच १५८ बोटी लागतील. क्रॉसओव्हरला मात्र आता ७.८५ × ७२ ÷ ९ म्हणजे ६३ लागतात आणि छोटी दुरुस्ती धरून त्याहून थोड्या जास्त. एकूण चढउतार तोच, रीतही तीच, तरी एकीकडे १८ आणि दुसरीकडे साठाहून जास्त. क्रॉसओव्हरचा नमुना आकार ठरवताना एकूण प्रमाण विचलन कितीही अचूक माहीत असले तरी उपयोग नाही. लागते ते फक्त बोटीच्या आतले.

इथे एक खऱ्या आकड्यांचे उदाहरण द्यायला हवे. १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने विल्यम गॉसेट यांनी टी-चाचणीचा मूळ लेख ‘बायोमेट्रिका’त छापला. त्यात त्यांनी कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेली दहा रुग्णांची माहिती वापरली होती. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका मनोरुग्णालयातल्या या रुग्णांना वेगवेगळी झोपेची औषधे देऊन झोप किती तास वाढली ते मोजले होते. चाचणीची आखणी आजच्या काटेकोर अर्थाने दोन कालखंडांची नव्हती, पण प्रत्येक रुग्णाने दोन्ही औषधे घेतली होती आणि आपल्याला तेवढे पुरेसे आहे. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. फरक १.५८ तासांचा.

रुग्णारुग्णांत मात्र प्रचंड तफावत होती. एकाची झोप पहिल्या औषधाने ३.७ तास वाढली तर दुसऱ्याची १.६ तास घटली. दोन औषधांच्या आकड्यांची प्रमाण विचलने १.७९ आणि २.०० तास येतात. हे दोन वेगळे गट आहेत असे समजून टी काढला तर तो १.८६ येतो, म्हणजे फरक सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. प्रत्येक रुग्णाची वजाबाकी केली तर तिचे प्रमाण विचलन १.२३ वर उतरते आणि टी होतो ४.०६. आकडे तेच, रुग्ण तेच, निष्कर्ष वेगळा. ज्याला पहिल्या औषधाने जास्त झोप लागली, त्याला बहुतेक वेळा दुसऱ्यानेही जास्तच लागली. दोन्ही आकड्यांचा सहसंबंध जवळजवळ ०.८ आहे. इतकाच फरक पुन्हा शोधायची चाचणी आखायची झाली तर वेगळ्या गटांना प्रत्येकी सुमारे २३ रुग्ण लागतील, आणि त्याच रुग्णांवर दोन्ही औषधे दिली तर एकूण सातेक.

मालवणला परत येऊ. बोटीच्या आतले प्रचरण ९ आहे असे आपण धरले, पण हा आकडा काही वरून ठरून आलेला नाही. तो काही अंशी आपणच ठरवतो. एका दिवसाची मासळी आणि दुसऱ्या दिवसाची मासळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. समजा एका फेरीपुरते दिवसादिवसाचे प्रचरण ५० आहे. पंधरवड्यात दहा फेऱ्या झाल्या तर सरासरीत त्यातले ५ उरते. त्याखेरीज चारेक एकक असे असते की जे फेऱ्या वाढवूनही जात नाही: त्या पंधरवड्यात ही बोट कुठल्या बाजूला वळली, कुठला थवा हाती लागला, खलाशी कोण होते. ५ आणि ४ मिळून ९.

आता कोणी म्हणाले की पंधरवडा कशाला, एक दिवस जुनी खोळ आणि एक दिवस नवी, बास झाले. तर बोटीच्या आतले प्रचरण ५४ होते आणि बोटी लागतात ९५. उलट प्रत्येक खोळीला वीस फेऱ्या दिल्या तर ते ६.५ वर येते आणि गणिताने १२, दुरुस्तीसह १४ बोटी पुरतात. त्यापुढे मात्र फारसे मिळत नाही, कारण ते ४ एकक हटत नाही. शंभर फेऱ्या केल्या तरी आठ-नऊ बोटी लागतीलच. मोजमाप सुधारून बोटी वाचवता येतात, पण एका हद्दीपर्यंत, आणि ती हद्द कुठे आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

पंधरवडाच का, यालाही कारण आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे चक्र साधारण पंधरा दिवसांत पुरे होते. प्रत्येक कालखंडात एक उधाण आणि एक भांग बसला की भरती-ओहोटीच्या जोराने मासळीत पडणारा फरक दोन्ही खोळींच्या वाट्याला सारखा येतो. आठ-आठ दिवसांचे कालखंड घेतले असते तर एका खोळीला उधाण आणि दुसरीला भांग मिळण्याचा धोका होता.

तरीही हंगाम सरकतोच. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपते, नारळी पौर्णिमेच्या आसपास बोटी बाहेर पडतात, सुरुवातीला माल भरपूर मिळतो आणि मग हळूहळू घटतो. सगळ्या बोटींनी आधी जुनी आणि नंतर नवी खोळ वापरली, तर हंगामाची ही घट नव्या खोळीच्या माथी मारली जाईल. याचसाठी दोन क्रम. नऊ बोटींच्या वजाबाकीत ही घट नव्या खोळीच्या विरोधात जाते आणि नऊंच्या वजाबाकीत तिच्या बाजूने, म्हणून दोन्ही क्रमांच्या सरासरीत ती निघून जाते. नियोजन करणारे कधी कधी घाईत ‘आधी सगळ्यांना जुनीच देऊ, नव्या अजून यायच्या आहेत’ असे म्हणतात. अशी चाचणी न केलेली बरी.

एक गोष्ट मात्र या दोन क्रमांनी निघत नाही, आणि ती म्हणजे मागच्या कालखंडाचा पुढच्यावर पडणारा परिणाम. औषधांत हा धोका उघड दिसतो: पहिले औषध रक्तात शिल्लक असतानाच दुसरे सुरू झाले तर दुसऱ्याचे मोजमाप बिघडते. म्हणून मध्ये औषधाविना काही काळ सोडतात. खोळीला रक्त नाही, पण तांडेलाला अनुभव आहे. नवी खोळ वापरताना माल सुटतो असे वाटले की तो ओढ लांबवतो किंवा वेग बदलतो, आणि जुनी खोळ परत लावल्यावरही तीच सवय काही दिवस चालू ठेवतो. आधी जुनी वापरणाऱ्याच्या बाबतीत असे काही होत नाही. असा एकतर्फी परिणाम पडला की आपल्या उत्तरात त्याचा निम्मा भाग चुकीचा म्हणून शिरतो, आणि बोटी कितीही वाढवल्या तरी तो कमी होत नाही. उपाय दोनच: बदलानंतरच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या हिशेबात धरायच्या नाहीत, आणि ओढीचा वेळ व वेग चाचणीपुरते बांधून द्यायचे.

‘असा परिणाम पडला का ते नंतर आकड्यांवरून तपासू’ हा मोह टाळायला हवा. ती तपासणी बोटींच्या दोन्ही पंधरवड्यांच्या बेरजेवर चालते, वजाबाकीवर नाही. बेरजेत तांडेलाचे कसब गळत नाही, उलट दुपटीने येते. आपल्या उदाहरणात वजाबाकीचे प्रचरण १८ आहे आणि बेरजेचे १६२, म्हणजे नऊ पट. जी चाचणी कमी बोटींत भागावे म्हणूनच आखली, तिच्यात ही तपासणी जवळजवळ आंधळी असते. वैद्यकीय संशोधनात १९६५ पासून अनेक वर्षे ग्रिझल यांची दोन टप्प्यांची पद्धत चालत होती: आधी मागचा परिणाम आहे का ते पाहा आणि असला तर दुसऱ्या कालखंडाची माहिती टाकून द्या. १९८९ मध्ये फ्रीमन यांनी ती पद्धत कशी दिशाभूल करते हे दाखवले, आणि आज जाणकार ती वापरत नाहीत. मागचा परिणाम आखणीतच टाळावा लागतो.

काही प्रश्नांना ही आखणी मुळातच लागू होत नाही. सिंधुदुर्गातच दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागले. त्याच्या लशीची चाचणी क्रॉसओव्हर पद्धतीने करता येणार नाही, कारण एकदा टोचलेली लस महिनाभराने अंगातून काढून घेता येत नाही. बऱ्या होणाऱ्या आजारांचेही तसेच: पहिल्याच औषधाने ताप उतरला तर दुसऱ्यासाठी रुग्ण कुठून आणायचा? दमा, उच्च रक्तदाब असे टिकून राहणारे आजार, किंवा निरोगी माणसाच्या रक्तात औषध किती उतरते याचे मोजमाप, इथे ही पद्धत शोभते. स्वस्त जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे ठरवणाऱ्या चाचण्या बहुतेक अशाच असतात. जी औषधे त्याच माणसात एका वेळी जास्त आणि दुसऱ्या वेळी कमी उतरतात, त्यांच्यासाठी स्वयंसेवकांची संख्या झपाट्याने फुगते. तेच ते आतले प्रचरण.

आता १८ हा आकडा किती भरवशाचा? तो बोटीच्या आतल्या विचलनाच्या ३ किलो या अंदाजावर उभा आहे, आणि संख्या त्याच्या वर्गाने बदलते. खरे विचलन ४ किलो निघाले तर १८ नव्हे, ३० बोटी लागतील. सहा बोटींची छोटी पूर्वचाचणी करून ३ किलो हा आकडा मिळाला असेल, तर खरे विचलन दोनच्या आत किंवा आठच्या पुढेही असू शकते, इतका तो अंदाज सैल असतो. अशा वेळी थोडा जास्त आकडा धरणे किंवा मधल्या टप्प्यावर फक्त आतले प्रचरण पुन्हा मोजून बोटी वाढवण्याची सोय आधीच लिहून ठेवणे शहाणपणाचे. खोळींतला फरक त्या टप्प्यावर पाहायचा नाही, एवढे पथ्य पाळायचे.

गळतीचा हिशेबही इथे वेगळा आहे. दोन गटांच्या चाचणीत मधूनच बाहेर पडलेल्या बोटीची तोवरची माहिती थोडीफार तरी कामी येते. क्रॉसओव्हरमध्ये जिचा दुसरा पंधरवडा झाला नाही, तिची वजाबाकीच होत नाही, आणि तिच्याकडून जवळपास काहीच मिळत नाही. आणि इथे कारणे समुद्र पुरवतो. चक्रीवादळेच पाहा: २०१७ च्या डिसेंबरात ओखी, २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. पाचात एक बोट गळेल असे धरले तर १८ पूर्ण होण्यासाठी २३ लागतात, आणि दोन्ही क्रम सारखे राहावेत म्हणून २४ घ्यायच्या.

शेवटचा मुद्दा मालकांच्या मूळ प्रश्नाचा. त्यांना ‘फरक आहे का’ हे नको आहे, ‘नुकसान नाही ना’ हे हवे आहे. हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण नाहीत. १८ बोटींची चाचणी झाली आणि नवी खोळ तासाला १ किलो कमी देते असे निघाले, तर उत्तराची मर्यादा दोन्हीकडे सुमारे २.१ किलोची असते: म्हणजे नुकसान ३.१ किलोपर्यंत असू शकते, किंवा १.१ किलो फायदाही असू शकतो. इथे ‘फरक सिद्ध झाला नाही’ हे वाक्य खरे आहे, आणि ‘नुकसान होत नाही’ हे वाक्य त्यातून निघत नाही. अहवालांत मात्र पहिल्याच्या जागी दुसरे सहज लिहिले जाते. नुकसान २ किलोपेक्षा जास्त नाही असे ठामपणे म्हणायचे असेल तर, प्रत्यक्षात दोन्ही खोळी सारख्या आहेत असे धरूनही, ७.८५ × १८ ÷ ४ म्हणजे ३६ आणि दुरुस्तीसह ३८ बोटी लागतात. पुन्हा, दोन वेगळ्या गटांनी हेच करायचे तर साडेतीनशेहून जास्त.

अशा चाचण्यांचे अहवाल लिहिणाऱ्यांना, मग ते मत्स्य संशोधक असोत की औषधांचे, एक विनंती. दोन्ही बाजूंच्या सरासरीपुढे कंसात जे प्रमाण विचलन छापता, ते बोटीबोटींमधला फरक मिसळलेले असते आणि पुढची क्रॉसओव्हर चाचणी आखणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. प्रत्येक बोटीच्या वजाबाकीचे प्रमाण विचलनही छापा. एका ओळीची जागा लागते.